तळटीपेतली घरं

आकाराम खोत सरांना राग आला की ते कुंड्यांना पाणी घालत. बायकोशी भांडण नको, पोरांवर ओरडायला नको, म्हणून त्यांनी शोधलेली ही वाट होती. जर्नलचं पत्र आलं त्या आठवड्यात त्यांच्या बाल्कनीतली शेवंती कुजून गेली. घरात कुणी काही विचारलं नाही.

सर कोल्हापुरातल्या एका कॉलेजात भूगोल शिकवत. माणूस मूळचा कसबा बावड्याचा. खालच्या गल्लीत थोरला भाऊ बाबासो अजून राहतो, शेती बघतो, म्हशी सांभाळतो. सर मात्र नोकरी लागल्यावर शहरात उंचावरच्या फ्लॅटमध्ये आले. गाव सोडलेल्या माणसाला गावाचा अभिमान जरा जास्तच असतो. सरांचा तर वर्गातल्या प्रत्येक धड्यात डोकावायचा. नदी शिकवायची तर पंचगंगा, माती शिकवायची तर बावड्याची गाळाची मळी.

आजवर सरांचे सात-आठ पेपर छापून आले होते, पण ते कुठं, हे न विचारलेलंच बरं. पैसे भरले की चार दिवसांत 'आपला लेख स्वीकारण्यात आला आहे' असं कळवणारी काही जर्नलं असतात. लेख कुणी वाचला, वाचला की नाही, हा प्रश्न तिथं उद्भवतच नाही. सरांनाही ते ठाऊक होतं आणि मनातून लाजही वाटायची. म्हणून निवृत्तीआधी एक तरी पेपर खऱ्या जर्नलात यावा, दोन अनोळखी जाणकारांनी तपासून यावा, एवढी एकच हौस त्यांनी धरली होती. विषय त्यांना शोधावा लागला नाही. एकोणीस सालचा महापूर आणि एकवीस सालचा महापूर, दोन्ही त्यांच्या गावाच्या अंगावरून गेले होते.

विद्यार्थी घेऊन सरांनी दोनशेच्या आसपास घरं पालथी घातली. प्रत्येक घरात तेच प्रश्न विचारले. दोन्ही वेळा पाणी कुठवर आलं, घर कधी सोडलं, कुणाच्या सांगण्यावरून सोडलं. निष्कर्ष असा निघाला की एकोणीसला बहुतेकांनी पाणी घरात शिरल्यावर घर सोडलं, आणि एकवीसला बहुतेक जण पाणी शिरण्याआधीच बाहेर पडले. यावर सरांनी पेपरची इमारत उभी केली. पूर भोगलेलं गाव शहाणं होतं, अनुभव हीच सर्वांत खात्रीची पूर्वसूचना, असं शेवटच्या परिच्छेदात ठासून लिहिलं. लिहिताना त्यांना भरून आलं होतं. पेपर पाठवला आणि ते पाच महिने वाट बघत बसले.

मग ते पत्र आलं. संपादकांनी लिहिलं होतं की आहे त्या स्वरूपात हा लेख स्वीकारता येत नाही. सरांनी एवढंच वाचलं आणि समजायचं ते समजले. खाली दोन रिव्ह्यूअरची, म्हणजे लेख तपासणाऱ्या जाणकारांची, टिपणं होती. पहिल्यानं दोन परिच्छेदांत आटोपलं होतं. पाहणी चांगली आहे, घरं कशी निवडली ते सांगा, या विषयावर इतरांनी काय लिहिलंय त्याची दखल घ्या. दुसऱ्यानं मात्र तीन पानं लिहिली होती. सरांनी मधूनच कुठूनतरी वाचायला सुरुवात केली. 'लेखकाचा निष्कर्ष त्याच्या पुराव्यापेक्षा बराच मोठा आहे,' हे वाक्य नजरेला पडलं, आणि पुढचं काही त्यांना धड दिसेना.

रागाचा पहिला भर ओसरल्यावर दुसरा चढला. हा दुसरा रिव्ह्यूअर कोण असेल? नावं झाकलेली असतात. लेखकाला रिव्ह्यूअर कळत नाही आणि रिव्ह्यूअरला लेखक. पण टिपणात बावड्याच्या नव्या वसाहतीबद्दल प्रश्न होता, म्हणजे माणूस जवळचाच, असं सरांनी धरून टाकलं. जवळचा आणि आपल्यावर डूख धरणारा एकच, शेजारच्या तालुक्यातल्या कॉलेजातले विजयसिंह. एका परिसंवादात सरांनी त्यांचा नकाशा उलटा लावलाय म्हणून भर सभेत दाखवून दिलं होतं. त्याचा वचपा त्यानं काढला, झालं.

विद्यापीठात उत्तरपत्रिका तपासायला सगळे जमले तेव्हा सरांनी विजयसिंहांना गाठलंच. थेट बोलण्याची पद्धत नाही, म्हणून आडून सुरुवात केली. हल्ली लोकांचे पेपर वाचायला तुम्हाला बराच वेळ मिळतो म्हणे. विजयसिंह गोंधळले. मला गेल्या चार वर्षांत कुणी पेपर पाठवला नाही, पाठवला तर आनंदानं वाचेन, म्हणाले. मग हळूच विचारलं, तुमचा पेपर कुणी परत पाठवला का, काय म्हणणं आहे त्याचं? सरांनी तावातावानं सांगितलं. नव्या वसाहतीतली घरं का वगळली, असं विचारतोय. विजयसिंहांनी चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाले, "का वगळली पण?" सर आपल्या गठ्ठ्याकडे परत गेले. पुढच्या उत्तरपत्रिकेत एका पोरानं 'म्हणून इथे ऊस जास्त पिकतो' असं ठोकून दिलं होतं. सरांनी समासात सवयीनं 'कशावरून?' लिहिलं, आणि आपणच लिहिलेल्या शब्दाकडे जरा वेळ बघत राहिले.

कॉलेजात अर्थशास्त्र शिकवणाऱ्या अक्षता शिंगे वयानं सरांपेक्षा वीसेक वर्षांनी लहान. गडमुडशिंगीहून रोज स्कूटरवर येणाऱ्या. त्यांचे वडील प्राथमिक शाळेत शिक्षक होते आणि घरात सत्तावन्न-अठ्ठावन्न सालापासून बौद्ध विहाराच्या वाचनालयाचं काम. वाचलेल्या गोष्टीवर वाद घालायचा, ही सवय त्यांना घरातूनच लागलेली. त्यांचे स्वतःचे पेपर दोनदा नाकारले गेले होते, तीनदा छापले गेले होते, आणि त्या दुसऱ्यांचेही तपासत. हे सरांना माहीत होतं, पण धाकट्या सहकाऱ्याला विचारायचं म्हणजे जीव जड. शेवटी स्टाफरूम रिकामी असताना सरांनी पत्र त्यांच्यापुढं सरकवलं. रिजेक्ट झाला, नुसतं बघायला देतोय, म्हणाले.

मॅडमनी पत्र सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचलं. सरांनी ते तसं एकदाही वाचलं नव्हतं. मग त्या म्हणाल्या, "सर, हा रिजेक्ट कुठं झालाय? मोठी दुरुस्ती मागितलीय. दोन महिन्यांत पाठवा म्हणतायत. त्यातला एक महिना तुम्ही घालवलाय."

सरांनी पत्र ओढून घेतलं. खरंच खाली लिहिलेलं होतं. बदल करून पाठवल्यास तो लेख याच दोन रिव्ह्यूअरकडे पुन्हा जाईल, सोबत प्रत्येक मुद्द्याला उत्तर जोडावं. आजवर सरांना एकतर होकार यायचा किंवा उत्तरच यायचं नाही. या दोहोंच्या मधली जागा त्यांनी कधी बघितलीच नव्हती. त्यांना आनंद झाला, आणि लगेच त्या आनंदाचाही राग आला, कारण आता दुसऱ्या रिव्ह्यूअरला तोंड देणं भाग होतं.

सरांनी रात्र जागवली नाही, पण सकाळी लवकर उठून उत्तर लिहून आणलं. रिव्ह्यूअरला स्थानिक परिस्थितीची कल्पना नाही, इथून त्याची सुरुवात होती. मॅडमनी ते वाचून बाजूला ठेवलं. रागाचा कागद एक लिहावाच लागतो, मीही लिहिते, तो पाठवायचा नसतो, असं म्हणाल्या. मग त्यांनी सरांना टिपणाचा पहिला परिच्छेद मोठ्यानं वाचायला लावला. त्यात रिव्ह्यूअरनं सरांचाच युक्तिवाद आपल्या शब्दांत मांडला होता. हा लेखक म्हणतो की पुराचा पूर्वीचा अनुभव लोकांना लवकर घर सोडायला लावतो, त्याचा आधार म्हणजे दोन पुरांच्या वेळांची तुलना. सरांना पंचवीस पानांत जमलं नव्हतं ते तीन ओळींत झालं होतं. परिच्छेदाच्या शेवटी लिहिलं होतं की अशी घराघरांतून गोळा केलेली माहिती दुर्मिळ आहे आणि ती छापली जावी. हे वाक्य महिनाभर तिथंच होतं.

"ज्याला तुमचा पेपर पाडायचाय, तो तुमचं म्हणणं एवढं नीट समजून घेत बसत नाही," मॅडम म्हणाल्या. "तो कोण आहे ते सोडा. त्यानं विचारलंय ते टिकतं का, तेवढं बघू."

मग दोघांनी टिपणाचे तुकडे पाडले. एक गठ्ठा फक्त स्पष्ट करून सांगण्याच्या गोष्टींचा. घरं कशी निवडली, प्रश्न कोणते विचारले. ते एका दिवसाचं काम होतं. एका ठिकाणी रिव्ह्यूअरनं नदीची पातळी सरांनी चुकीच्या जागची घेतली असं म्हटलं होतं. तिथं सर बरोबर होते. मॅडम म्हणाल्या, मग बदलू नका, पण का बदलत नाही ते पुराव्यासकट नम्रपणे लिहा. सगळं मान्यच करायचं असतं असं थोडंच आहे, शेवटी निर्णय संपादक करतात. आणि तुम्ही लिहिलेलं जर त्याला चुकीचं समजलं, तर आणखी चौघांनाही समजेल, तेव्हा वाक्य तेवढं सुधारा.

उरले तीन प्रश्न, आणि तेच खरे होते. पहिला म्हणजे एकवीस साली लोक लवकर निघाले हे खरं, पण त्या वर्षी रिक्षावर भोंगा लावून सूचनाही आधीपासून दिल्या गेल्या, असं लेखकच एका ओळीत सांगतो. मग लोक अनुभवामुळं निघाले की भोंग्यामुळं, हे कसं ठरवलं? दुसरा, नव्या वसाहतीत एकोणीसनंतर राहायला आलेली तीसेक घरं पाहणीत होती, ती मोजणीतून का वगळली? त्यांना पुराचा अनुभव नाही, म्हणजे तुलनेसाठी तीच तर हवीत. तिसरा प्रश्न तळटीपेबद्दलचा होता.

दुसऱ्या प्रश्नाला सरांकडं उत्तर तयार होतं. पोरांनी त्या घरांचे फॉर्म चुकून भरून आणले होते. ते लोक नदीपासून लांबच्या गावांतून आलेले, कागलच्या एमआयडीसीत कामाला जाणारे.

"ते गावचे न्हाईत," सर म्हणाले. बोलताना सरांची भाषा आपोआप गल्लीत गेली.

"सर, पाणी घरात शिरताना रेशन कार्ड बघत होतं का?"

 बावड्यातल्या कुठल्याही माणसानं ते फॉर्म असेच बाजूला ठेवले असते. पुराचा अभ्यास गावाचा, आणि गाव म्हणजे पिढ्यान्पिढ्या राहिलेली माणसं, यात विचारण्यासारखं काही आहे असं त्यांना कधी वाटलंच नव्हतं. कपाटाच्या वरच्या खणातून ते फॉर्म निघाले. दोन दिवसांत मोजणी झाली. पूर कधी न बघितलेली ती पाहुणेमंडळी गावकऱ्यांइतकीच लवकर बाहेर पडली होती. भोंगा ऐकला, गाडीला किक मारली, निघाली. अनुभव हीच खात्रीची पूर्वसूचना, हे सरांचं लाडकं वाक्य तिथंच आडवं झालं.

त्या दिवशी सर घरी जाऊन कुंड्यांना पाणी घालायला उठले आणि तसेच परत बसले. राग कुणावर काढायचा ते ठरेना. मन मात्र दुखावलं होतं. लेख मागं घ्यावा असं त्यांना दोनदा वाटलं.

तिसरा प्रश्न त्यांनी मुद्दाम शेवटी ठेवला होता. पेपरच्या बाराव्या पानावर एक तळटीप होती. 'अकरा कुटुंबांनी पूर्वानुभव असूनही घरगुती कारणांमुळे उशिरा स्थलांतर केले. हे अपवाद होत.' रिव्ह्यूअरनं विचारलं होतं की कोणती कारणं? ती अकरा वेगवेगळी असतील तर हे अपवाद खरे. पण ती एकसारखी असतील, तर लेखकानं आपला सर्वांत महत्त्वाचा पुरावा तळटीपेत टाकला आहे.

कारणं सरांनी विचारलीच नव्हती. त्या अकरांत एक घर बाबासोचं होतं. एकवीसच्या पुरात बाबासो घर सोडेना. सरांनी शहरातून फोनवर फोन केले होते. पाणी छातीला लागलं तेव्हा होडी आली, आणि धोंडुबाईंना, म्हणजे दोघांच्या आईला, ओल्या अंगानं खांद्यावरून बाहेर काढावं लागलं. म्हातारीला निमोनिया झाला. पंधरवड्यात ती गेली. भावाला कुणी काही बोललं नाही आणि भावानंही कधी तो विषय काढला नाही. 'घरगुती कारणं' हे शब्द सरांनी त्याला झाकायला लिहिले होते. इंग्रजीत लिहिलेली तळटीप बाबासो वाचणार नव्हता, तरीही झाकलं होतं.

सर गल्लीत पायी फिरले. दहा घरं आधी घेतली. चिमणाबाईंच्या घरात लेक बाळंतपणाला आली होती, कळा सुरू झालेल्या, तिथं कारण खरंच घरगुती निघालं. बाकीच्या नऊ घरांत मात्र सरांनी प्रश्न पुरा करायच्या आत तेच उत्तर आलं. एकोणीसला पाणी उंबऱ्यापर्यंत आलं होतं आणि तिथनंच माघारी गेलं होतं. या वेळीही तेवढंच येईल म्हणून बसलो. मग सर भावाकडं गेले. बाबासो वैरण टाकत होता. न वळताच म्हणाला, "गेल्या टायमाला उंबऱ्याला लागून माघारी गेलतं. ह्या टायमालाबी जाईल म्हटलं." आणि आत निघून गेला.

सरांनी धावतपळत मॅडमना सांगितलं, उशिरा निघालेल्या अकरांतली दहा घरं उंबऱ्यावाली आहेत. मॅडमनी लगेच मान्य केलं नाही. हे एका बाजूनं मोजलं, आता उलटं मोजा, म्हणाल्या. एकोणीसला उंबऱ्यापर्यंत पाणी आलेली गल्लीत एकूण घरं किती, आणि त्यातली वेळेवर किती निघाली? नाहीतर हाच रिव्ह्यूअर पुढच्या खेपेला विचारेल. सर हसले. रिव्ह्यूअरच्या आधी त्याचा प्रश्न आपल्याला सुचावा, ही गोष्ट त्यांना आता आवडायला लागली होती. मोजलं तर अशी घरं तेरा निघाली. तीनच वेळेवर निघाली होती आणि तिन्ही घरांत पोरांनी ओढून बाहेर काढलं होतं. ज्यांच्या घरात एकोणीसला पुरुषभर पाणी होतं, ते मात्र भोंग्याचीही वाट न बघता निघाले होते.

म्हणजे अनुभव शहाणपण देतो हे अर्धंच खरं. मागचा पूर जिथं थांबला तिथं माणूस मनात खूण करून ठेवतो आणि पुढच्या पुराला त्या खुणेनं मोजतो. सरांनी पेपर नव्यानं लिहिला. ठासून लिहिलेला शेवटचा परिच्छेद काढला. घरं थोडी आहेत, एकाच गावची आहेत, तेव्हा हा दावा तेवढ्यापुरताच, हेही लिहिलं. पाहणीत लेखकाच्या स्वतःच्या भावाचं घर आहे, ही ओळ लिहायला त्यांना एक अख्खी दुपार लागली. उत्तरांच्या कागदावर प्रत्येक प्रश्नाखाली काय बदललं, कुठल्या पानावर, आणि पातळीचा मुद्दा का बदलला नाही, सगळं मांडलं. तिसऱ्या प्रश्नाखाली लिहिलं, 'आपण म्हणता ते बरोबर आहे. तळटीप काढून टाकली आहे. ती घरं आता लेखाच्या मध्यभागी आहेत.'

मुदतीच्या आत पेपर गेला. दुसऱ्या फेरीत दुसऱ्या रिव्ह्यूअरनं पातळीबद्दल आपली चूक मान्य केली, दोन किरकोळ दुरुस्त्या सांगितल्या आणि लेख छापावा अशी शिफारस केली. तो कोण, हे सरांना आजही माहीत नाही. विजयसिंह नव्हते एवढं नक्की, कारण त्यांनी पेपर छापून आल्यावर फोन करून, रिव्ह्यूअरनं केव्हाच विचारल्या असत्या अशा दोन शंका विचारल्या.

छापील प्रत घेऊन सर रविवारी बावड्याला गेले. बाबासो गोठ्याबाहेरच्या कट्ट्यावर बसला होता. सरांनी शेजारी बसून मधला भाग मराठीत करून सांगितला, शब्द निवडत, हळूहळू. बाबासोनं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "म्हंजे आमी चुकलो, असं लिवलंयस."

"व्हय."

"आमी म्हंजे किती घरं?"

"उंबऱ्याला पाणी लागलेली तेरा. त्यातली दहा बसून राहिली. बायडाबाईचं, बाळासोचं..." सर एकेक घर सांगत गेले. बाबासो प्रत्येक नावाला मान हलवत होता. 

"आई गेल्यापास्नं मला वाटत हुतं," तो म्हणाला, "आख्ख्या गल्लीत मीच एकटा येडा निघालो म्हणून."

 बाबासोनं खांद्यावरच्या टॉवेलनं तोंड पुसलं आणि प्रत त्यांच्या हातातून घेतली. इंग्रजी त्याला वाचता येत नव्हतं. त्यानं तक्त्याचं पान काढून मागितलं, आणि त्यातलं आपलं घर कुठल्या ओळीत मोजलंय ते दाखव म्हणाला. सरांनी दाखवलं. त्या ओळीवर बोट ठेवून तो बसून राहिला.